केळी चिप्सच्या प्लॅनमधले 50 किलो कुठून आले?

पत्र

ताई नमस्कार, मी चोपड्याला बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी आम्हाला केस स्टडीसाठी एक छापील बिझनेस प्लॅन दिलाय, केळी चिप्स युनिटचा नमुना प्रकल्प अहवाल. रोज 400 किलो कच्ची केळी, 140 किलो चिप्स, वर्षाचे 300 दिवस, भाव 130 रुपये किलो, प्रोजेक्ट 20 लाखांचा आणि पहिल्याच वर्षी नफा 13 लाख 60 हजार. मी स्वॉट केलं, फोर पी लिहिले, सारांश लिहिला, तरी सर म्हणाले की हे ॲनालिसिस नाही, हे तर प्लॅनच परत लिहून आणलाय. आता मला समजतच नाही की छापून आलेल्या प्लॅनमध्ये मी काय शोधायचं? बेरजा तर सगळ्या बरोबर आहेत. प्रश्न कुठले विचारायचे आणि 1500 शब्दांचं उत्तर मांडायचं कसं? प्लीज सांगा. प्लॅनची पानं आणि माझं उत्तर फोटो काढून पाठवतेय.

उत्तर

बेटा, पानं मिळाली, दोनदा वाचली. सर म्हणतात ते बरोबर आहे, पण त्यात तुझा दोष कमी आणि शिकवण्याच्या सवयीचा जास्त आहे, कारण आपल्याकडे केस स्टडी म्हटलं की चार चौकोन काढायचे आणि त्यात "कच्चा माल मुबलक", "स्पर्धा जास्त" असं भरायचं हेच सगळ्यांना येतं, आणि हे शब्द जळगावच्या केळीला जसे लागू होतात तसेच धुळ्याच्या मिरचीला पण लागू होतात, म्हणजे त्यातून या प्लॅनबद्दल काहीच कळत नाही.

मी बँकेत कर्जाच्या फायली वाचण्यात बरीच वर्षं घालवली, त्यामुळे मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच सावकाश सांगणार आहे. बिझनेस प्लॅन म्हणजे माहिती नसते, तो एक दावा असतो. कुणीतरी कुणालातरी पटवायला तो लिहिलेला असतो, इथे तर सरळच आहे, बँकेला कर्ज द्यायला पटवायचंय. आणि प्रत्येक दाव्याखाली एखाददुसरा आकडा असा असतो की ज्याच्यावर बाकीचा सगळा डोलारा उभा असतो. तुझं काम तो आकडा शोधायचं, मग तो आकडा त्याच प्लॅनच्या दुसऱ्या पानाशी भिडवून बघायचं. बेरजा बरोबर असणारच गं, एक्सेल बेरीज चुकवत नाही. चूक असते ती बेरजेत घातलेल्या आकड्यात.

आधी तो आकडा कसा ओळखायचा ते. सोपी युक्ती आहे, प्रत्येक मोठा आकडा घे आणि स्वतःला विचार की हा चौथ्या हिश्शाने चुकला तर नफ्याचं काय होईल? मजुरी बघ, 7 लाख 20 हजार, ती पाव हिश्शाने वाढली तर नफा 1 लाख 80 हजाराने कमी होईल, दुखेल पण धंदा चालेल. गॅस आणि लाईट मिळून 4 लाख 20 हजार, त्यात पाव चूक म्हणजे लाखभर. आता 140 किलो चिप्स हा आकडा घे. वर्षाची विक्री 54 लाख 60 हजार सगळी त्याच्यावर उभी आहे, तो पाव हिश्शाने चुकला तर विक्री 13 लाख 65 हजाराने घटते, म्हणजे अख्खा नफा साफ. सापडला ना? तुझ्या उत्तराचा गाभा हाच, 400 किलोचे 140 किलो, म्हणजे शेकडा 35.

आता हा आकडा खरा आहे का? इथे बहुतेक मुलं गूगल करतात आणि कुठल्यातरी साईटवर 35 सापडलं की समाधान मानतात. तू तसं करू नको, त्याच प्लॅनचं सहावं पान उघड, कच्च्या मालाचं. तिथे लिहिलंय तेल रोज 20 किलो, 130 रुपये भावाने, वर्षाचे 7 लाख 80 हजार. आता या दोन पानांना समोरासमोर बसव.

400 किलो केळी सोलली की साल आणि देठं मिळून शेकडा 38 ते 40 जातात, हातात राहतो साधारण 250 किलो गर. आपली ग्रँड नैन, जिला सगळे जी-नाईन म्हणतात, तिच्या कच्च्या गरात शेकडा 73 च्या आसपास पाणी असतं. तळणं म्हणजे काय, तर ते पाणी बाहेर काढणं आणि त्याच्या जागी थोडं तेल आत जाणं. पाणी गेलं की 250 किलो गरातून कोरडा ऐवज उरतो 67 किलो, चिप्समध्ये राहणारं दोनेक किलो पाणी धर, म्हणजे 69. आता प्लॅनवालेच म्हणतात तेल 20 किलो. समज त्यातला थेंबन् थेंब चिप्समध्ये गेला, कढईत काही उरलंच नाही, तरी 69 आणि 20 मिळून 89 होतात. 140 नाही. मग उरलेले 50 किलो कुठून आले?

हा एक प्रश्न तुझ्या उत्तरात असला ना तर सर परत पाठवणार नाहीत, कारण हा प्रश्न प्लॅनमध्ये कुठेच लिहिलेला नाहीये आणि तरी प्लॅनच्याच दोन पानांतून निघतो. बाहेरच्या कुठल्या रिपोर्टची गरज पडली नाही, केळीत साल किती आणि पाणी किती एवढंच बाहेरून आणावं लागलं.

मला हे कसं सुचलं ते सांगते, कारण मला पण आधी सुचलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रावेर पट्ट्यातली अशीच एक फाईल माझ्या टेबलावरून पास झाली, बेरजा तपासल्या, कोटेशन तपासले, जागेचा उतारा तपासला, सगळं व्यवस्थित. दीड वर्षात ते खातं थकलं. मी वसुलीला गेले तेव्हा मालक गप्प बसलेला आणि कढईवर उभा असलेला म्हातारा कारागीर मला म्हणाला, "ताई, आधी तेल कितलं लागस ते ईचारा." त्याला बॅलन्स शीट माहीत नव्हती पण कागदावरचं तेल आणि कढईतलं तेल जुळत नाही हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ज्या माणसाचं घर त्या कर्जात गुंतलं होतं त्याचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून मी या विषयावर एवढं लांबलचक लिहिते.

तर मग खरं किती? केळीच्या चिप्समध्ये वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल असतं, जाडी, तापमान आणि तेल निथळण्याच्या पद्धतीप्रमाणे थोडं कमी जास्त. 69 किलो जर दोन तृतीयांश असेल तर एकूण चिप्स होतात 103 किलो आणि त्यातलं तेल 34 किलो. धरून चाल 100 किलो, कारण तुकडा, जळका माल जाणारच. म्हणजे उतारा, शंभर किलो केळीमागे मिळणाऱ्या चिप्स, शेकडा 25, 35 नाही. साधा हिशोब, चार किलो केळीला एक किलो चिप्स.

आणि हे माझ्यावर विश्वास ठेवून लिहू नको, घरी करून बघ. बाजारातून एक किलो कच्ची केळी आण, वजनकाट्यावर तोल, सोलून परत तोल, कढईतलं तेल तळायच्या आधी आणि गार झाल्यावर भांड्यासकट तोल, शेवटी चिप्स तोल. पाच वजनं लिहून ठेव आणि एक फोटो लाव. घरची सुरी जाड काप काढते आणि घरची कढई लवकर गार पडते त्यामुळे तुझा आकडा कारखान्याचा आकडा नाही हे पण स्पष्ट लिही, पण तो 22 ते 30 च्या मध्ये कुठेतरी येईल आणि 35 चा आला तर चिप्स नीट तळल्या गेल्या नाहीत, आत पाणी राहिलंय, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात का बघ. विद्यार्थ्याच्या केस स्टडीत स्वतः मोजलेला एक आकडा असणं ही फार कमी दिसणारी गोष्ट आहे.

आता या दुरुस्त आकड्यांनी प्लॅन परत चालवायचा, आणि इथे मोह आवरायचा, सगळं बदलायचं नाही. फक्त उतारा आणि तेल बदल आणि त्या दोघांमुळे जे आपोआप बदलतं तेवढंच. चिप्स कमी झाल्या तर पॅकिंग कमी लागणार, प्लॅनमध्ये 5 लाख होतं ते त्याच प्रमाणात 3 लाख 60 हजार होतं. केळी, मजुरी, गॅस तेच राहतात कारण 400 किलो केळी तर सोलायचीच आहेत, तळायचीच आहेत. उत्तरात असं छोटं कोष्टक टाक, लाखात:

| बाब | प्लॅन | माझा हिशोब |
|---|---|---|
| विक्री, 130 रुपयांनी | 54.6 | 39.0 |
| केळी | 12.0 | 12.0 |
| तेल | 7.8 | 13.3 |
| मजुरी | 7.2 | 7.2 |
| गॅस, लाईट | 4.2 | 4.2 |
| पॅकिंग, मीठ मसाला | 5.0 | 3.6 |
| भाडं, वाहतूक, इतर | 4.8 | 4.8 |
| एकूण खर्च | 41.0 | 45.1 |
| उरलं | 13.6 | उणे 6.1 |

बघ, दोन आकडे हलवले आणि साडेतेरा लाखांचा नफा सहा लाखांचा तोटा झाला. हे व्याज आणि घसाऱ्याच्या आधीचं आहे हे कोष्टकाखाली लिहायला विसरू नको. आणि तेलाचा माझा आकडा पण सौम्यच आहे, कारण तेच तेल परत परत तापवून वापरता येत नाही, अन्न सुरक्षेच्या नियमात तापवून बिघडलेल्या तेलात तयार होणारे पोलर कंपाउंड शेकडा 25 च्या वर गेले की ते तेल टाकावंच लागतं. ते टाकलेलं तेल मी धरलेलंच नाही.

मग इथे थांबायचं आणि "म्हणून प्लॅन चुकीचा आहे" असं लिहून मोकळं व्हायचं का? नाही, आणि इथेच चांगला विद्यार्थी आणि नुसता टीका करणारा यांच्यात फरक पडतो. प्लॅन पाडणं सोपं असतं. पुढचा प्रश्न विचार, हाच धंदा चालायचा असेल तर काय खरं असावं लागेल? खर्च 45 लाख 10 हजार, माल 30,000 किलो, म्हणजे किलोला 150 रुपये पडले. 150 च्या खाली विकलं तर प्रत्येक पाकिटावर नुकसान. आता कर्ज धर, प्लॅनमध्ये 18 लाख कर्ज, पाच वर्षांत समान मुद्दल, 11 टक्के व्याज, तर पहिल्या वर्षी मुद्दल 3 लाख 60 हजार आणि व्याज 2 लाखांच्या आसपास, मिळून 5 लाख 60 हजार. ते पण चिप्स विकूनच येणार ना, म्हणून भाव लागतो 169 रुपये. मालकाच्या घरखर्चाचा एक पैसा यात नाही.

म्हणजे अख्ख्या केसचा प्रश्न आता बदलला. आधी प्रश्न होता "हा प्रोजेक्ट फायद्याचा आहे का", आता प्रश्न आहे "जळगाव भुसावळच्या होलसेल बाजारात या चिप्सला 170 रुपये मिळतील का". हा प्रश्न तुला तपासता येतो. पाच दुकानदारांना विचार, तुम्ही सुट्या चिप्स कितीला घेता आणि कितीला विकता, आणि मुद्दाम दोन्ही विचार, कारण प्लॅनमध्ये 130 हा भाव कारखान्याच्या दारातला आहे की दुकानातला ते लिहिलेलंच नाही, आणि मध्ये व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा वाटा असतो. पाच दुकानांवरून बाजार कळत नाही हे मान्य, पण शून्य दुकानांपेक्षा बरं, आणि तू पाचच विचारली असं लिहिलंस तर कुणी नावं ठेवणार नाही.

दुसरा एक धागा पण याच चार किलोच्या हिशोबातून निघतो, केळीच्या भावाचा. प्लॅनमध्ये वर्षभर 10 रुपये किलो, म्हणजे हजार रुपये क्विंटल. तू चोपड्याची आहेस, तुला सांगायला नको की केळीचा भाव वर्षभर एका जागी कधी बसत नाही, हजाराच्या खाली पण जातो आणि दोन हजाराच्या वर पण गेलाय, मे जूनच्या वादळात बाग आडवी झाली किंवा सीएमव्हीचा विषाणू रोग आला की महिन्याभरात चित्र बदलतं. आणि भाव कुठल्या मालाचा? नवतीचा, कांदेबागेचा की वापसीचा, म्हणजे निवडीत मागे पडलेल्या हलक्या मालाचा? चिप्सवाला वापसी घेईल असं मनात धरून 10 लिहिले असतील तर वापसी रोज 400 किलो, 300 दिवस, एकाच भावात मिळेल का हा प्रश्न उभा राहतो. एक किलो चिप्सला चार किलो केळी लागतात म्हणून केळी एक रुपयाने चढली की चिप्स चार रुपयांनी महागते. केळी 15 झाली की लागणारा भाव 169 वरून 189. एवढं एक वाक्य पुरे, दहा ओळींचं सेन्सिटिव्हिटी टेबल बनवायची गरज नाही.

तिसरी गोष्ट पैशाच्या वेळेची, ती थोडक्यात. प्लॅनमध्ये वर्किंग कॅपिटल दीड लाख आहे. खर्च महिन्याला पावणेचार लाख. केळीवाल्याला रोख द्यावे लागतात, मजुराला आठवड्याला, आणि दुकानदार तर महिन्याच्या उधारीवर माल घेतो, म्हणजे पहिलं पाकीट विकल्याचे पैसे यायच्या आतच खिशातून पावणेचार लाख गेलेले असतात. दीड लाख बारा दिवसात संपतात. नफ्यात असलेलं युनिट पण असं बंद पडतं, आणि प्लॅनच्या नफ्याच्या पानावर हे दिसत नाही, कारण ते पान माल विकला कधी ते बघतं, पैसे आले कधी ते बघत नाही. सबसिडीचं पण तसंच, तुझ्या प्लॅनमध्ये 35 टक्के म्हणजे 7 लाख अनुदान धरलंय, सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत दर तोच आहे आणि कमाल मर्यादा 10 लाख, पण ते पैसे हातात रोख मिळत नाहीत, ते बँकेत वेगळे राहतात आणि तीन वर्षांनी युनिट चालू असेल आणि खातं थकलेलं नसेल तर कर्जात वळते होतात. प्लॅनवाल्याने ते पहिल्याच वर्षी मिळाल्यासारखे दाखवले असतील तर ते पान तारखेसकट दाखवून दे.

आता प्लॅनची बाजू. हे नक्की लिही, कारण याच्याशिवाय उत्तर एकतर्फी होतं. प्लॅन लिहिणारा म्हणेल, शेकडा 35 उतारा शक्य आहे. आणि तो अगदीच खोटं बोलत नसेल, कारण केरळात चिप्ससाठी नेंद्रन वापरतात, तिचा गर घट्ट असतो, पाणी कमी असतं, त्यामुळे तिचा उतारा जी-नाईनपेक्षा चांगला पडतो. मला वाटतं हा आकडा तिकडच्या एखाद्या अहवालातून इथे आला असावा. पण हा माझा अंदाज आहे, तू लिहिशील तर अंदाज म्हणूनच लिही. आणि तरी मग तेलाचं काय? नेंद्रनचे 140 किलो चिप्स 20 किलो तेलात कसे होतील? उतारा दुसऱ्या जातीचा घेतला असला तरी तेलाचं पान दुरुस्त होत नाही.

आता मांडणी. सरांनी 1500 शब्द दिलेत तर मी अशी वाटणी करेन. पहिल्याच परिच्छेदात निकाल, शेवटासाठी राखून ठेवायचा नाही. म्हणजे असं काहीतरी: "हा प्लॅन ज्या भावावर मांडला आहे त्या भावाला तोट्यात जातो, कारण चिप्सचा उतारा आणि तेलाचा खप ही दोन पानं एकमेकांशी जुळत नाहीत, किलोला 170 रुपयांच्या वर भाव मिळत असेल तरच तो विचारात घेण्यासारखा आहे." बस, 30-40 शब्द. वाचणाऱ्याला कळलं की तू कुठे चाललीयेस. मग दीडशे शब्दात प्लॅनचा दावा, त्याच्याच आकड्यांत, स्वतःचं मत न घालता, आणि हो, अहवालाची तारीख लिही, तो कुणी कुणासाठी छापलाय ते लिही, कारण भाव कुठल्या वर्षाचे आहेत ते त्यावरून कळतं. तुझ्या सध्याच्या उत्तरात हाच भाग अकराशे शब्दांचा झालाय, म्हणून सर चिडले.

त्यानंतर सगळ्यात जास्त जागा, 500 शब्द तरी, त्या 50 किलोला दे. घाई करू नको, केळी सोलल्यापासून चिप्सपर्यंत वजन कसं कमी होत गेलं ते एकेक पायरीने लिही, घरचा प्रयोग इथेच येतो. मग कोष्टक आणि त्याच्याखाली 150 आणि 169 चा हिशोब, दोनशे अडीचशे शब्द. केळीचा भाव आणि वर्किंग कॅपिटल मिळून दोनशे. प्लॅनची बाजू दीडशे. आणि शेवटी शिफारस, पण ती अटीसकट. "मार्केटिंगवर भर द्यावा, सोशल मीडियाचा वापर करावा" ही शिफारस नाही, ती कुठल्याही धंद्याला चिकटवता येते. शिफारस म्हणजे कोणी, काय, कधी आणि कुठल्या आकड्यावर थांबायचं. उदाहरणार्थ, मशीन घेण्याआधी भाड्याच्या कढईवर दहा दिवस रोज 50 किलो केळी तळून उतारा आणि तेल लिहून ठेवायचं, उतारा 25 च्या खाली आला किंवा तीन व्यापाऱ्यांकडून 170 चा भाव लेखी मिळाला नाही तर कर्जाचा अर्ज करायचा नाही, आणि अर्ज केलाच तर वर्किंग कॅपिटल दीड ऐवजी किमान 4 लाख मागायचं. यातला प्रत्येक आकडा वरच्या हिशोबातून आलाय ना, म्हणून ती शिफारस या केसची आहे.

लिहिताना एक शिस्त पाळ, मला ती फार उपयोगी पडली. प्रत्येक आकड्यापुढे तो कुणाचा आहे ते कळलं पाहिजे. "अहवालानुसार", "माझ्या हिशोबाने", "माझा अंदाज", हे तीनच शब्दप्रयोग ठेव आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नको. रफ वहीत तर मी तीन रंगांचे पेन वापरायचे. असं केलं की तुझं तुलाच दिसतं की उत्तरात अंदाज किती झालेत, आणि ते जास्त झाले की एखादा मोजून बघायला उठावं लागतं.

स्वॉट ठेवायचाच असेल, काही ठिकाणी मार्क त्यालाच असतात हे मला माहितीये, तर शेवटी ठेव आणि प्रत्येक चौकोनात वर निघालेला आकडा टाक. "कमजोरी: उतारा शेकडा 25, प्लॅनमध्ये 35", "धोका: केळी एक रुपयाने चढली की चिप्स चार रुपयांनी". आकडा नसलेली ओळ खोड.

एक राहिलं, प्लॅन 300 दिवस पूर्ण क्षमतेने चालेल असं धरतो, पहिल्या वर्षी, लाईट गेली तरी, लग्नसराईत मजूर गावाला गेले तरी. हे पण खटकतं आणि तुला त्याच्यावर लिहावंसं वाटेल. एका ओळीत नोंद घे आणि सोडून दे, कारण तोच मुद्दा सगळ्याच प्लॅनवर लिहिता येतो, आणि तुझ्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी पक्की गोष्ट सापडलेली आहे. प्रयोग केलास की पाचही वजनं मला पाठव, सालीचं वजन पण, मला जी-नाईनच्या सालीचा तुझा आकडा किती येतो ते बघायचंय.